फोनच्या पडद्यावर अभंग कसा मांडावा

अभंगाचे, ओव्यांचे, श्लोकांचे उभे व्हिडिओ आता घरोघरी तयार होतात. आवाज चांगला असतो, मागचं चित्रही देखणं असतं, पण अक्षरांपाशी घोळ होतो. ओळीचा शेवट लाइक-शेअरच्या बटणांखाली जातो, अनुस्वार वरच्या ओळीच्या उकारात अडकतो, किंवा दंड एकटाच पुढच्या ओळीत जाऊन बसतो. लॅपटॉपवर पाहताना यातलं काहीच खटकत नाही. फोनवर आल्यावरच सगळं उघडं पडतं.

अभंगाची कडवी घेऊन हे काम कसं करायचं ते पाहू. नमुन्यासाठी दोन कडवी मुद्दाम रचली आहेत:

पाऊस कोसळे डोंगरकड्यांत । भिजे शिवारांत हिरवाई ॥
मृगाच्या सरींनी मातीला सुगंध । सुटले निर्बंध पाखरांचे ॥

हा मोठ्या अभंगाचा नेहमीचा साचा आहे. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं. ही मोजणी लक्षात ठेवा, पुढे ओळ कुठे तोडायची ते तीच सांगणार आहे.

आधी जागा ठरवा, मग अक्षर

उभ्या व्हिडिओची चौकट बहुतेक ठिकाणी १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असते. ही सगळी जागा आपलीच आहे असं वाटतं, पण तसं नसतं. वर ॲपची स्वतःची पट्टी असते. खाली खात्याचं नाव, मथळा आणि गाण्याचं नाव येतं. उजवीकडे बटणांची उतरंड असते. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाने दिलेल्या सूचनेत वरचे सुमारे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मजकुरापासून मोकळे ठेवायला सांगितलं आहे. सूचना जाहिरातींची असली तरी आपल्यालाही ती चालते, कारण बटणं तीच आणि जागाही तीच.

पिक्सेलमध्ये मांडलं तर वरचे सुमारे २७० आणि खालचे सुमारे ६७० गेले. उंचीत ९८० च्या आसपास उरले. खालची एवढी जागा सोडताना जीव थोडा थोडा होतो, पण तिथे अक्षर ठेवलं तर मथळ्याच्या मजकुरात ते हमखास मिसळतं.

बाजूंना ६ टक्के म्हणजे जेमतेम ६५ पिक्सेल. मी तेवढ्यावर थांबत नाही, दोन्हीकडे १२० सोडतो. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे उजवीकडची बटणं खालच्या अर्ध्या भागात ६५ पेक्षा बरीच आत येतात. दुसरं कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हल्लीचे बरेच फोन २०:९ प्रमाणाचे, म्हणजे आपल्या चौकटीपेक्षा उंच आणि अरुंद आहेत. अशा फोनवर व्हिडिओ पडदाभर दिसावा म्हणून काही ॲप तो थोडा मोठा करतात आणि बाजूंनी कापतात. पूर्ण उंची भरायची झाली तर १०८० पैकी ८६४ पिक्सेलच रुंदी दिसते, म्हणजे दोन्हीकडून १०८-१०८ गायब. १२० चा समास असेल तर कापाकापी होऊनही अक्षराला धक्का लागत नाही.

तेव्हा आपली खरी पाटी ८४० पिक्सेल रुंद आणि साधारण ९८० उंच. ज्या ॲपमध्ये काम करता त्यात या मापाचा एक अर्धपारदर्शक चौकोन करून वेगळ्या थरावर ठेवा आणि अंतिम व्हिडिओ काढताना तो बंद करा. दर वेळी मोजत बसावं लागत नाही.

पिक्सेलचे मिलिमीटर करून पाहा

अक्षर किती मोठं ठेवायचं याचा अंदाज लॅपटॉपवर चुकतो, कारण तिथे तीच चौकट फोनपेक्षा बरीच मोठी दिसत असते. म्हणून आकडा मिलिमीटरमध्ये आणावा. साडेसहा इंची, २०:९ फोनचा पडदा सुमारे ६८ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर १०८० पिक्सेल बसले म्हणजे एका मिलिमीटरला जवळपास १६ पिक्सेल. आता ६४ पिक्सेलचा फॉन्ट घेतला तर तो ४ मिलिमीटरचा, म्हणजे छपाईच्या भाषेत सव्वाअकरा पॉइंटचा झाला. पुस्तकातलं बेताचं अक्षर साधारण एवढंच असतं.

पण हे ४ मिलिमीटर म्हणजे अक्षराची उंची नव्हे. फॉन्टच्या आकड्यात वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार या सगळ्यांची जागा धरलेली असते. शिरोरेघेपासून तळापर्यंतचं मुख्य अक्षर त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त भरतं. ६४ पिक्सेलला ते दोन मिलिमीटरच्या थोडं वर जातं. पुस्तक हातात स्थिर असतं, डोळा मागे फिरवता येतो. व्हिडिओत पाठीमागे चित्र हलत असतं, कडवं काही सेकंदांत जातं, आणि पाहणाऱ्या आजीने चष्मा लावलेला असेलच असं नाही. म्हणून ६४ ही माझ्या लेखी पद्याची खालची मर्यादा आहे. मुख्य ओळी ८८ ते १२० च्या दरम्यान असाव्यात. कवीचं नाव किंवा कडव्याचा अर्थ अशा दुय्यम मजकुरालाही ४८ च्या खाली नेऊ नये.

सगळ्या फॉन्टांत एकच आकडा एकाच मापाचं अक्षर देत नाही, हेही खरं. नोटो सान्स देवनागरी, मुक्त आणि टिरो देवनागरी मराठी हे तीन एकाखाली एक, त्याच आकड्यात टाइप करून पाहा, फरक लगेच दिसेल. फॉन्ट बदलला की आकडा नव्याने ठरवायचा.

ओळ कुठे तोडायची

आता कडवं पाटीवर बसवू. पहिला विचार मनात येतो तो छापील पोथीसारख्या मांडणीचा: दंडापर्यंत एक ओळ, पुढे दुसरी. पहिल्या कडव्याची पहिली ओळ, «पाऊस कोसळे डोंगरकड्यांत ।», साधारण जाडीच्या फॉन्टात अंदाजे साडेदहा एम रुंद भरते. एम म्हणजे फॉन्टच्या आकड्याएवढी रुंदी. ८० पिक्सेल अक्षर घेतलं तर ८३० च्या आसपास, म्हणजे ८४० च्या पाटीवर काठोकाठ बसली. फॉन्टागणिक आकडे थोडे बदलतील, पण हिशोब हाच.

आपण खूश होऊन दुसरं कडवं त्याच चौकटीत टाकतो. «मृगाच्या सरींनी मातीला सुगंध» यात च्या, ला, ती अशी रुंद अक्षरं जास्त आहेत. शब्दांपुरती ओळ ८३० ला मावते, पण पुढची मोकळी जागा आणि दंड धरले की ती ८४० ओलांडते. ॲप शेवटच्या मोकळ्या जागेवर ओळ तोडतो आणि दंड एकटा खालच्या ओळीत जातो. काही जण यावर अक्षर ७२ वर आणतात. पहिलं कडवं ८० चं, दुसरं ७२ चं, तिसरं ७६ चं असं होत गेलं की व्हिडिओभर अक्षर लहानमोठं होत राहतं, आणि ते डोळ्याला बोचतं.

त्यापेक्षा चरणागणिक ओळ घ्यावी:

पाऊस कोसळे
डोंगरकड्यांत ।
भिजे शिवारांत
हिरवाई ॥

सहा अक्षरांचा चरण पाच एमच्या आसपास असतो. ११२ पिक्सेलचं अक्षर घेतलं तरी तो ६०० च्या आत राहतो. म्हणजे अक्षर जवळपास दीडपट मोठं झालं, ओळ आखूड झाली, आणि कोणत्याही कडव्यात दंड घसरण्याची भीती उरली नाही. शिवाय गाणारा जिथे थांबतो तिथेच ओळ संपते. चौथी ओळ चार अक्षरांची असल्याने आपोआप लहान दिसते. ती भरून काढायला शब्दांमध्ये अंतर ओढू नका. अभंगाची चाल त्या आखूड चरणावरच टेकते आणि ते डोळ्यालाही दिसायला हवं.

या मांडणीत तोड ॲपवर सोडायची नाही. प्रत्येक चरणानंतर स्वतः एंटर द्यायचं. दंडाच्या आधीची मोकळी जागा साधी न देता न तुटणारी द्यायची, तिचा युनिकोड क्रमांक `U+00A0`. दंडही कीबोर्डवरच्या उभ्या रेघेने काढायचा नाही. देवनागरीचा एकेरी दंड `U+0964` आणि दुहेरी `U+0965`. उभी रेघ शिरोरेघेच्या वर आणि तळाच्या खाली जाते, त्यामुळे ती ओळीत उपरी दिसते.

लांब वृत्तांत हाच हिशोब जास्त उपयोगी पडतो. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत १९ अक्षरं. ती सोळा एमच्या घरात जाते, म्हणजे एका ओळीत बसवायची तर अक्षर पन्नाशीवर आणावं लागतं, आणि ते आपल्या मर्यादेच्या खाली आहे. पण या वृत्तात बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबण्याची जागा आहे. १२ आणि ७ अशी तोड केली की ओळ वृत्ताला धरून तुटते आणि अक्षर ८० पर्यंत नेता येतं. दुसरा तुकडा थोडा आत सरकवला की वाचणाऱ्याला कळतं, ही नवी ओळ नाही, मागचीच चालू आहे. मंदाक्रांतेत यती चार, सहा आणि सात अशी पडते. तिथे दहाव्या अक्षरावर तोडावं, चौथ्यावर तोडल्यास पहिला तुकडा फारच त्रोटक होतो. भुजंगप्रयाताची बारा अक्षरं सहा-सहा अशी सरळ विभागतात. कधीकधी यती लांब सामासिक शब्दाच्या मधोमध येते. तेव्हा मी शब्दाला मान देतो आणि जवळच्या शब्दसीमेवर तोडतो. शब्द फोडून जोडरेघ टाकली की वाचणारा अडखळतो.

ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथातल्या ओवीला असा पक्का साचा नाही. तिच्या चरणांत अक्षरं कमीजास्त असतात. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा, आखूड. म्हणून संपूर्ण अध्यायातला सर्वांत लांब चरण आधी शोधावा, तो ८४० मध्ये ज्या आकड्याला बसतो तो आकडा सगळ्या ओव्यांना द्यावा. तो ६४ च्या खाली येत असेल तर तेवढ्या एका चरणाला दोन ओळी द्याव्यात. एका ओळीपायी सगळा अध्याय बारीक करू नये.

ओळींमधलं अंतर

इंग्रजीसाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळीचं अंतर अक्षराच्या १.२ पट असतं. देवनागरीला ते पुरत नाही, कारण आपलं अक्षर वर आणि खाली दोन्हीकडे वाढतं. दुसऱ्या कडव्यातला «निर्बंध» पाहा. त्यातल्या «र्बं» वर रफार आणि अनुस्वार दोन्ही आहेत. आता वरच्या ओळीत नेमक्या त्याच जागी «सु» आला, तर त्याचा उकार खाली लोंबतो आणि हा अनुस्वार त्याला जाऊन भिडतो. फोनवर तो ठिपका उकाराचाच भाग वाटतो आणि वाचणारा «निर्बध» वाचून मोकळा होतो.

मी १.५ पट अंतर धरतो. ११२ च्या अक्षराला ओळीमागे १६८ पिक्सेल. चार ओळींचे ६७२ झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणामध्ये, म्हणजे एकेरी दंडानंतर, आणखी ४० पिक्सेल दिले की कडव्याचे दोन अर्ध वेगळे दिसतात. एकूण ७१२. आपल्याकडे ९८० होते, तेव्हा कवीचं नाव खाली ५२ च्या अक्षरात सुखाने बसतं आणि थोडी हवाही राहते. दोन कडवी एकदम दाखवायचा मोह मात्र इथेच संपतो, कारण दोन्हींना मिळून १४०० च्या वर लागतात. एका वेळी एकच कडवं, आणि ते गाऊन होईपर्यंत पूर्ण दिसू द्यावं.

मजकुराच्या चौकटीची वरची कडही एकदा तपासा. काही ॲप पहिल्या ओळीवरचा भाग इंग्रजी अक्षराच्या मापाने धरतात आणि रफार, अनुस्वार वरून छाटतात. पहिल्याच ओळीत असं अक्षर येत नसेल तर दोष लपून राहतो. म्हणून खऱ्या मजकुराआधी चौकटीत ही एक ओळ टाकून पाहावी:

र्बं र्थीं कैं ट्ठू हृ ष्ट्रू दुसऱ्या वाऱ्यावर

यात काय पाहायचं? वरचा ठिपका पूर्ण दिसतो का. «ट्ठू» चा तळ कापला जातो का. «ष्ट्रू» एकसंध दिसतो की मध्ये पाय मोडलेला. आणि «ऱ्या» मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा येतो की रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. शेवटचं मराठीत फार महत्त्वाचं आहे, कारण «दुसऱ्या» चं «दुसर्या» झालं की आपल्या डोळ्याला ते लगेच परकं वाटतं. हा बिघाड बहुधा टायपिंगमधला असतो: `र` ऐवजी `ऱ` (`U+0931`) घेऊन त्यावर हलंत आणि य दिला की सुटतो.

वेलांटी चुकीच्या बाजूला दिसली किंवा सगळीकडे हलंताचे पाय मोडलेले दिसले, तर फॉन्टला दोष देऊ नका. ॲप भारतीय लिपी जोडून दाखवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रीमियर प्रोमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये मजकुराचं इंजिन `South Asian and Middle Eastern` असं निवडावं लागतं. ज्या ॲपमध्ये अशी सोयच नाही, तिथे कडव्याचं पारदर्शक पीएनजी चित्र दुसरीकडे तयार करून आणणं हाच सरळ मार्ग.

सजावटीतले खड्डे

इंग्रजीत शोभणाऱ्या काही सजावटी देवनागरीत घात करतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो, म्हणून ते शून्यच ठेवावं. अक्षराभोवती जाड कडा दिली की प्रत्येक जोडावर, जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर येतात, तिथे उभी खूण उमटते. कडेपेक्षा अक्षरामागे मऊ सावली किंवा काळसर पट्टी ठेवावी. टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवणारं ॲनिमेशन तर टाळाच. ते युनिकोडच्या चिन्हांप्रमाणे चालतं, त्यामुळे «भिजे» लिहिताना आधी भ येतो, मग वेलांटी त्याच्या मागे उडी मारते. ओळ हळूच उजळवणं किंवा शब्दागणिक दाखवणं चालतं.

रंगाचंही एक सांगतो. व्हिडिओ दाबून लहान करताना रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. त्यामुळे गडद निळ्यावर भगवं किंवा तांबडं अक्षर लॅपटॉपवर छान दिसतं आणि फोनवर कडांनी फुटतं. उजेडातला फरक मोठा असला की अक्षर टिकतं. गडद पार्श्वभूमीवर पांढरं किंवा फिकट पिवळं घ्यावं आणि भगवा हवाच असेल तर तो मागच्या चित्रात किंवा पट्टीत वापरावा. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत गेलेला व्हिडिओ आणखी दाबला जातो, त्यात बारीक-जाड रेघांचा नाजूक फॉन्ट आधी जातो. मध्यम जाडीचा, रेघा जवळपास सारख्या असलेला फॉन्ट तिथे तग धरतो.

पाठवण्याआधी

तयार व्हिडिओ स्वतःच्याच फोनवर पाहून भागत नाही. तो व्हॉट्सॲपवर कुणाला तरी पाठवा आणि त्यांच्याकडून परत मागवा, म्हणजे दाबून झालेली प्रत हाती येईल. शक्यतो घरातल्या जुन्या, लहान पडद्याच्या फोनवर ती लावा, उजेड अर्ध्यावर आणा आणि हात लांब करून धरा. आवाज बंद ठेवून कडवं एकदा वाचून होतं का ते पाहा. जिथे डोळा मागे जातो ती ओळ दुरुस्तीची.

मुखपृष्ठाचं चित्र वेगळं तपासावं लागतं. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरच्या जाळीत २०२५ पासून ३:४ प्रमाणाचे तुकडे दिसतात. १९२० पैकी मधले १४४० पिक्सेलच दिसतात, वरचे आणि खालचे २४०-२४० जातात. आपली पाटी २७० पासून सुरू होते म्हणून कडवं त्यातून सहीसलामत सुटतं, पण अगदी वर ठेवलेलं मंडळाचं नाव किंवा अभंगाचा क्रमांक तिथे कापला जातो. तो क्रमांक पाटीच्या आत, कडव्याच्या शेवटच्या दुहेरी दंडांमध्ये, ॥ १ ॥ असा ठेवावा.